छत्रीच्या मसाल्याच्या अकरा पुड्या

लग्न होऊन आमच्या उसाच्या बेटावरच्या सांत्र द फ्लाक गावी आले तेव्हा मी सहावी पास होते, आणि हे कुणी विचारलं नाही तरी सांगत असे. सासूबाईंना अक्षर येत नव्हतं. त्यामुळे या घराचं भलं आपल्याच हातून होणार, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. पन्नासचं दशक संपत आलं होतं, माझं वय एकोणीस होतं आणि नाक त्याहून बरंच वर होतं.

घराचा धंदा मसाल्याचा. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन मोठ्या काराया, म्हणजे आपल्या कढया, एक विजेची चक्की आणि सासूबाई. धणे, जिरं, मेथी, मोहरी, मिरी, हळद, लाल मिरची आणि खूपसा कढीपत्ता. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. कशाचा रंग किती फिरू द्यायचा हे सासूबाई नाकाने ठरवत. दळण झालं की पिवळ्या कागदाच्या पुड्या. नवरा त्या बसच्या टपावर टाकून बाजारात आणि गावोगावच्या बुतिकांत, म्हणजे वाण्याच्या दुकानांत, नेई. तिकडे पितोंपर्यंत आणि पांपलमूसपर्यंत आमची पुडी जायची. पुडी एकच. कोंबडी करा, बटाटा करा, खारा मासा करा, तीच.

तिच्यावर चित्र होतं छत्रीचं. मसाल्यावर छत्री कशाला, असं मी आल्याच्या आठवड्यातच विचारलं.

सासूबाई म्हणाल्या, "छापखान्यात तुझा सासरा गेला, तेव्हा तिथं तीनच ठसे शिल्लक होते. नांगर, कोंबडा आणि छत्री. कोंबडा रमवाल्यानं घेतलेला. नांगर उलटा वाटला त्याला. मग काय राहिलं?"

"पण आई, छत्रीचा आणि मसाल्याचा संबंध काय?"

"लोक मागतात ना. संबंध त्यांनी लावलाय."

आणि खरंच मागायचे. बुतिक चिनी माणसाचं असो की दुसऱ्या कुणाचं, बाई लाकडी काउंटरपाशी येऊन म्हणायची, "एन पाके पारासोल," छत्रीची एक पुडी. दुकानदार मागे न बघता हात वर करी आणि पिवळी पुडी काढून ठेवी. पिवळा रंग, काळी छत्री. वाचता येण्याची गरजच नाही. मला मात्र हे फार गावठी वाटे. माझ्या माहेरी भिंतीवर फ्रेंच वर्तमानपत्रं चिकटवलेली होती, आणि त्यांतल्या जाहिराती मला पाठ होत्या.

पहिली चूक मी चांगल्या हेतूने केली, जशा बहुतेक करतात. बाजारात एकीने विचारलं, "हा मसाला माशाला चालतो का गो?" मी म्हटलं, चालतो. मग दुसरीने विचारलं. घरी येता येता बसमध्ये मला साक्षात्कार झाला: मग तसं पुडीवरच का लिहू नये? सासूबाईंच्या मागे लागून मी मोहरी थोडी जास्त घातली, निळा कागद घेतला आणि त्यावर मासा छापून घेतला. छत्री कोपऱ्यात, नखाएवढी. दुकानदारांनी एक एक डझन घेतली. एका आठवड्यात दहा दुकानांत निळी पुडी. मी शेडमध्ये अशी फिरत होते, जणू मासाच मी शोधून काढलाय.

त्यानंतर मला आवरणारं कुणी नव्हतं. कोंबडीची पुडी काढली, हिरवी. बकऱ्याची तपकिरी. भाज्यांची. आठपायांची, म्हणजे ऑक्टोपसची, जांभळी. तिच्यात निळ्या पुडीतलाच मसाला होता, पण चित्रातले आठ पाय छापखान्यातल्या माणसाने इतके छान काढले होते की मला खोटं बोलल्यासारखं वाटलंच नाही. विंदायची पुडी काढली. तळलेला मासा मोहरी, हळद, व्हिनेगर आणि कांदा-लसणीत मुरवून ठेवतात त्याला आमच्याकडे विंदाय म्हणतात. बाळंतिणीसाठी आणि पोरांसाठी मिरचीशिवायची पांढरी काढली. गणपतीच्या दिवसांत आमच्या मराठी घरांना लागतो तो खोबऱ्याचा काळपट मसाला काढला. मग रविवारची पुडी काढली. रविवारच्या मसाल्यात आणि सोमवारच्या मसाल्यात फरक काय, असं नवऱ्याने विचारलं. मी म्हटलं, "अहो, रविवारी माणसं वेळ काढून जेवतात." तो खोकी उचलायला गेला.

सासूबाईंनी सुरुवातीला अडवलं नाही. दर नवीन पुडीला एवढंच म्हणायच्या, "काय गो सहावी पास, आता कुठला प्राणी राहिला?"

मी हिशेब असा करत होते: दुकानात किती डझन गेले. दर नव्या पुडीला दहा-वीस डझन जात. म्हणजे धंदा वाढला. दुकानातून बाहेर किती जातात, हे बघायचं असतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते सहावीत नव्हतं.

दहावी नवी पुडी सगळ्यांत नामी. तिचं नाव स्पेशल. लाल कागद, सोनेरी किनार. अडचण एकच होती, तिच्यात स्पेशल काही नव्हतं. मी लवंग वाढवली, दालचिनी वाढवली, नवऱ्याला चाखायला दिलं. तो म्हणाला, "पिवळीच बरी." वेलची घातली. तो म्हणाला, "खिरीसारखं लागतंय." चार वेळा हेच झालं. मग मी असं काही केलं की आजही सांगताना आवाज आपोआप खाली येतो. स्पेशल वर जात नव्हती, तर मी पिवळी खाली आणली.

त्या दिवसांत सासूबाईंचा गुडघा धरला होता आणि भाजणी माझ्याकडे होती. लाल पुडीत मी त्यांचा मूळ मसाला जसाच्या तसा भरला. पिवळीसाठी धणे अर्धवटच भाजले, कढीपत्ता निम्मा केला आणि धण्यांचं प्रमाण वाढवून वजन भरून काढलं. आता दोन्ही शेजारी ठेवल्या की लाल कुणालाही चांगली वाटत होती. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. लाल पुडी खपलीसुद्धा, पिवळीच्या खालोखाल.

मग लहान लहान गोष्टी बिघडू लागल्या. चक्की एकच. निळीचं दळण झालं की पांढरीच्या आधी चक्की साफ व्हायला तिच्यातून मूठ मूठ सुके तांदूळ दळून काढायचे, नाहीतर बाळंतिणीच्या मसाल्यात मिरची जायची. दिवसाकाठी दळण कमी आणि तांदूळ जास्त. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात दुकानदार पिवळी मागत होते आणि आम्ही जांभळी भरत होतो, कारण जांभळ्या कागदाची थप्पी येऊन पडली होती. छापखाना थोडा कागद छापून देत नसे. अकरा रंगांच्या अकरा थप्प्या माझ्या खोलीत. पलंगाखाली आठपायांचे प्राणी, कपाटावर कोंबड्या. जुन्या पुड्या दुकानांतून परत येऊ लागल्या, काहींना किडे, काहींचा वास उडालेला. नवरा त्या मुकाट्याने शेडच्या कोपऱ्यात रचायचा.

एका शनिवारी त्याला ताप होता, म्हणून फ्लाकच्या मोठ्या बुतिकात मी स्वतः माल घेऊन गेले. ते चिनी माणसाचं दुकान आमचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक. तो जे ठेवी तेच आसपासच्या गावांतली छोटी दुकानं ठेवत. आमच्या पुड्यांसाठी त्याच्या मागच्या फळीवर एक हातभर जागा होती, सासऱ्यांच्या वेळेपासून. आता त्या हातभर जागेत अकरा रंग दाटीवाटीने उभे होते, पिवळ्या फक्त दोन, आणि शेजारी बोटीने येणारे परदेशी करी पावडरचे चकचकीत डबे.

मी खोकं ठेवतेय तोवर एक म्हातारी आली. कारोतून, म्हणजे उसाच्या शेतातून, तशीच आली असावी, पायाला माती होती.

"एन पाके पारासोल," ती म्हणाली.

"कुठली छत्री, आजी?" दुकानदाराने विचारलं.

"छत्री," ती म्हणाली. "छत्रीची छत्री."

"मासा, कोंबडी, बकरा, भाजी, रविवार, लाल, पांढरी..." तो बोटांवर मोजत होता. त्याला पाठ झालं होतं बिचाऱ्याला. "आज काय शिजवणार?"

म्हातारी विचारात पडली. "वांगी," ती म्हणाली. "आणि थोडा खारा मासा असेल तर तोही त्यातच."

"म्हणजे भाजीची, की माशाची?"

तिने फळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि परीक्षेत नापास झाल्यासारखी म्हणाली, "सुनेला विचारून येते." आणि गेली. तिच्या मागे उभी असलेली बाई पुढे आली आणि तिने डबा मागितला. डबा एकच होता, कुठला असं विचारायची सोयच नव्हती.

दुकानदार माझ्याकडे वळला. क्रेओलमध्ये, म्हणजे इथल्या बोलीत, म्हणाला, "मादाम, मो नेपली कोंप्रां." मला आता समजेनासं झालंय. "पूर्वी मी हात वर करायचो. आता एका पुडीसाठी मला भाषण द्यावं लागतं. माझी फळी लांब होत नाही. तुमचा रंग वाढला की तुमचाच दुसरा रंग मागे जातो. आमच्या चिनी नव्या वर्षाच्या आधी मी दुकान झाडतो. तेव्हा या जागेत काय ठेवायचं ते तुम्ही सांगा. नाही सांगितलं तर डबे ठेवीन."

"सगळंच काढणार?"

"सगळं नाही. छत्री ठेवली असती," तो म्हणाला. "पण छत्री कुठाय?"

मी बघितलं. दहा रंगांच्या कोपऱ्यात नखाएवढ्या दहा छत्र्या होत्या, त्या दिसत नव्हत्या, आणि पिवळीवरची मोठी त्यांच्यामागे दडली होती.

शहाणी मुलगी असती तर घरी जाऊन खरं सांगितलं असतं. मी घरी जाऊन एक पत्रक लिहिलं. 'कोणती पुडी कशासाठी', सुवाच्य अक्षरात, दोन्ही बाजूंनी, आणि ते छापून दुकानांत वाटलं. आठवड्याने खारा मासा आणला तर तो माझ्याच पत्रकात बांधून आला. सासूबाईंनी पुडकं सोडलं, कागद उलटा धरून बघितला आणि म्हणाल्या, "अक्षर छान आहे गो. माशालाही आवडलं."

तरी मी फळीचं बोलले नाही. चिनी वर्षाला दोन महिने होते. दोन महिन्यांत काहीतरी होईल असं मला वाटत होतं, म्हणजे दुकानदाराचं मन बदलेल किंवा मी आजारी पडेन.

झालं ते वेगळंच. शेजारच्या घरी लग्न होतं. केळीच्या पानावर सात भाज्या वाढायच्या, आणि त्या रांधायला सासूबाईंना मानाने बोलावलेलं. गुडघा बरा झाला होता. घरच्या डब्यात मी मूळ मसालाच भरत असे, पण तो संपलेला, कारण चक्कीवर माझी रविवारची पुडी होती. म्हणून यजमानांनी बुतिकातून पिवळ्या पुड्या आणल्या. सासूबाईंनी मोठ्या देक्तीत, म्हणजे पातेल्यात, तेल तापवलं, कांदा परतला, पुडी फोडली, मसाला टाकला आणि हात तसाच राहिला. वास घेतला. चिमूटभर जिभेवर ठेवला. पुडी उलटून छत्री बघितली.

"ही कुणी भरली?" त्यांनी विचारलं.

सगळ्या बायका आपापल्या कांद्यांकडे बघू लागल्या. मी नारळ खोवत होते.

"पोरी, इकडे ये." मी गेले. "ही माझी नाही."

"आई, पिवळीच आहे..."

"कागद पिवळा आहे. धणे कच्चे आहेत. कढीपत्ता कुठाय?"

मग मी सांगितलं, तिथेच, चुलीच्या धुरात. लाल पुडीचं, पिवळीचं, आणि एकदा तोंड उघडलंच होतं म्हणून फळीचंही. रडायचं नाही असं ठरवलं होतं, पण डोळ्यांत धूर होता, त्यामुळे कुणाला कळलं नाही असं मी आजवर मानत आले.

त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी देक्ती उतरवली, म्हणाल्या, "घरातल्या सगळ्या लाल पुड्या आण," आणि लग्नाच्या साती भाज्या माझ्या स्पेशलमध्ये रांधल्या. पंगत उठताना लोक म्हणत होते, फार दिवसांनी छत्रीच्या मसाल्याची चव लागली. सासूबाईंनी माझ्याकडे एकदाच बघितलं. तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाल्या, "किती आहेत तुझ्या?"

"पिवळी धरून अकरा."

"सगळ्या आण. बटाटे सोल."

लग्नात रांधणाऱ्यांपैकी दोघी बायकांना त्यांनी बोलावलं, नवऱ्याला बसवलं. एकसारख्या बटाट्यांचे वाटे, तेल तेवढंच, मीठ तेवढंच, मसाला चिमटीने मोजून. पिवळीच्या जागी मूळ मसाला, तोच जो लालमध्ये होता. वाट्यांखाली रंगीत कागदाचा कपटा, वरून दिसणार नाही असा. एक मूळ मसाल्याची वाटी समोर उघडी ठेवली आणि बाकीच्या एक एक करून चाखायला दिल्या. प्रश्न एकच: ही समोरच्या वाटीपेक्षा वेगळी आहे का?

भाज्यांची पुडी कुणालाच वेगळी लागली नाही. रविवारची लागली नाही. कोंबडीची एका बाईला लागली. तीच वाटी परत दिल्यावर लागली नाही. बकऱ्याच्या पुडीबद्दल दोघी म्हणाल्या, लवंग जास्त आहे, ती तर आम्ही घरीच टाकतो. निळी आणि जांभळी एकमेकींसारख्या होत्या, हे मला माहीत होतंच, आता सगळ्यांना कळलं, आणि समोरच्या वाटीपासूनही कुणाला त्या वेगळ्या करता आल्या नाहीत. "आठ पाय कुठल्या वाटीत आहेत?" नवरा म्हणाला. "मला तर एकही सापडला नाही." बायका हसून हसून पदराने डोळे पुसत होत्या. मीही हसले. दुसरं काय करणार होते?

खरोखर वेगळ्या निघाल्या तीन: विंदायची, बिनमिरचीची आणि गणपतीची.

"म्हणजे या ठेवायच्या," मी म्हटलं.

"वेगळी आहे म्हणून ठेवायची?" सासूबाई म्हणाल्या. "साबणही वेगळा लागतो. घेतं कोण ते बघून ये. नुसतं घेतलं ते नको. ती नसती तर काय घेतलं असतं, तेही विचार."

म्हणून पुढचे दोन शनिवार मी त्या बुतिकात तांदळाच्या गोणीवर बसून काढले. उसाच्या मजुरांचा आठवड्याचा बाजार शनिवारी होई, त्यामुळे दुकान भरलेलं. दुकानदार आधी कुरकुरला, मग त्याने मला बसायला पोतं दिलं. मी प्रत्येक बाईला विचारत होते. निळी घेणारी म्हणे, निळी नसली तर पिवळी, फरक काय पडतो. हिरवीवाली तेच म्हणे. म्हणजे माझे हे सगळे प्राणी पिवळीचंच खात होते. विंदाय घेणारीचं तसं नव्हतं. ती म्हणे, "पिवळी घेऊन विंदाय होईल का? नसली तर मोहरी घेईन आणि घरी वाटत बसेन." पांढऱ्या दोन शनिवारांत मोजून नऊ गेल्या.

"नऊ," सासूबाई म्हणाल्या. "काढून टाक."

या एका ठिकाणी मी त्यांच्यापुढे तोंड उघडलं, आणि ते बरोबर निघालं. माझ्या त्या दिवसांतल्या शहाणपणात एवढंच काय ते निघालं, म्हणून लिहून ठेवते. मी म्हटलं, "आई, नऊजणींपैकी सातजणींनी पांढरीबरोबर पिवळीही घेतली. घरात बाळंतीण आहे, तिला ही, बाकीच्यांना ती. पांढरी नसली तर त्या दोन्हींसाठी दुसरीकडे जातील."

त्यांनी पांढरी पुडी हातात घेऊन उलटसुलट बघितली. "राहू दे," म्हणाल्या. "पण कागद पिवळा."

गणपतीच्या मसाल्यावर त्यांचं माझं वाजेल असं वाटलं होतं, कारण तो त्यांना प्रिय. पण त्याच म्हणाल्या, "हा बुतिकात काय करतो? वर्षभर पडून खोबऱ्याला खवट वास येतो. ज्याला हवा तो देवळात सांगेल. आपण त्या महिन्यात घरी करून देऊ. त्याला चित्र नको, किनार नको." तेव्हापासून तो वहीच्या कागदात जातो.

राहिली लाल. ती पिवळीच्या खालोखाल खपत होती. दुकानदाराला तो रंग बंद करणार असं मी सांगितलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. "जी जाते तीच बंद?"

"ती पिवळीत परत जाणार," मी म्हटलं. "लालमध्ये होतं ते पिवळीचंच होतं. मी काढून घेतलं होतं."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. क्रेओलमध्ये काहीतरी पुटपुटला, ते मी इथे देत नाही. मग म्हणाला, "लाल मागणाऱ्यांना काय सांगू?"

"लाल कागद संपला, आतलं सगळं पिवळीत आहे, एकदा नेऊन बघा."

"आणि किंमत?"

"पिवळीचीच."

हे ऐकून नवऱ्याचा घास अडकला होता, तेही सांगायला हवं. लालला आम्ही जास्त घेत होतो. पण चक्कीतले तांदूळ वाचले, अकरा वेळा छपाई वाचली, परत येणारा किडका माल वाचला, आणि सहा महिन्यांनी तो पुन्हा नीट जेवू लागला.

सगळं एका दिवसात बंद केलं नाही. नवा कागद छापणं थांबवलं आणि दुकानांत जे होतं ते संपू दिलं. जे संपलं नाही ते परत आणलं. मला वाटलं होतं, हा सगळा परतीचा चांगला माल चक्कीत एकत्र करून पिवळीत मिसळला तर कुणाला कळणार? मी हे बोललेही. सासूबाईंनी चक्कीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "अजून शिकली नाहीस." त्या मिसळणीचं आम्ही घरीच जेवलो, सगळी संपेपर्यंत. आठपाय, बकरा, रविवार, सगळं एका डब्यात. नवरा ताटावर बसताना विचारायचा, "आज कोण आलंय?" रंगीत कागदांची माझ्या पुतण्या-भाच्यांच्या वह्यांना कव्हरं झाली. गावातल्या शाळेत त्या वर्षी निम्म्या वह्यांवर कोंबड्या होत्या.

नवीन पुड्या तीन. तिन्ही पिवळ्या, तिन्हींवर काळी छत्री, पूर्वीएवढी मोठी, अर्धी पुडी व्यापणारी. विंदायच्या पुडीच्या तळाशी काळी पट्टी आणि त्यात मासा. बिनमिरचीच्या तळाशी पांढरी पट्टी, रिकामी. मी त्या रिकाम्या पट्टीत बाळाचं चित्र घालू या म्हटलं होतं. सासूबाईंनी छापखान्याचा कागद माझ्या हातातून काढून घेतला.

चिनी वर्षाच्या आदल्या आठवड्यात आम्ही दोघी बसने बुतिकात गेलो, सासूबाई आणि मी, मांडीवर एक एक खोकं. दुकानदार शिडीवर चढून फळी पुसत होता. हातभर जागा मोकळी होती. त्याने सासूबाईंच्या हातून पुड्या घेतल्या, पिवळ्या एका रांगेत लावल्या, दोन्ही पट्टीवाल्या बाजूला. जागा अर्धी भरली.

"बाकीची?" मी विचारलं. हातभर जागा परत मिळावी म्हणून एवढं केलं होतं मी.

"बाकीची डब्यांना," तो म्हणाला. "तीन पुड्यांना एवढी पुरते. संपल्या तर मी सांगेन."

मी वाद घालणार होते. सासूबाईंनी माझ्या कोपराला धरलं आणि म्हणाल्या, "चल, बस जाईल."

बसमध्ये मी रागाने खिडकीबाहेर बघत होते. अर्धा हात. त्या शांतपणे सुपारी कातरत होत्या.

शनिवारी नवरा परत आला तो रिकामी खोकी घेऊन. शुक्रवारीच फळी संपली होती. दुकानदाराने निरोप पाठवला होता की दोन खोकी पाठवा, पट्टीवाल्या अजून आहेत. पुढच्या शनिवारी तीन सांगितली. लाल मागायला कोण कोण आलं होतं, असं मी नवऱ्याला खोदून खोदून विचारलं. तो म्हणाला, तिघं-चौघं आले, दुकानदाराने पिवळी पुढे केली, वास घेतला आणि घेऊन गेले.

तिसऱ्या आठवड्यात मी स्वतः गेले. काउंटरपाशी चार-पाच बायका होत्या. एकीने छत्री मागितली. दुकानदार तिच्या शेजारणीशी साखरेवरून बोलत होता. बोलणं न थांबवता त्याने हात मागे नेला, पिवळी पुडी उचलली आणि तिच्यापुढे ठेवली. ती काय शिजवणार होती ते कुणालाच कळलं नाही.

परत येताना मला एक कल्पना सुचली, लोणच्याच्या मसाल्याची. घरी पोचेपर्यंत ती कागदासकट, रंगासकट तयार होती. सासूबाई शेडमध्ये धणे भाजत होत्या. मी दारात उभी राहिले. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि उलथनं माझ्या हातात दिलं.

"हलव," त्या म्हणाल्या. "करपतील."